स्ट्रॉबेरीतून काढलेला डीएनए: २६०/२८० चांगलं आलंय, पण रिपोर्टमध्ये 'शुद्ध' लिहावं का?

रानजाई (मंगळवार, रात्री ९:४०)

टीवायच्या प्रॅक्टिकलचा रिपोर्ट लिहायला घेतलाय आणि निष्कर्षापाशी येऊन थांबलेय. काय केलं ते आधी सगळं सांगते.

महाबळेश्वरची पिकलेली स्ट्रॉबेरी, देठ काढून १० ग्रॅम. झिपच्या पिशवीत चुरडली. त्यात २० मिली द्रावण घातलं (पाणी, २ मिली भांडी घासायचं लिक्विड, ०.३ ग्रॅम मीठ). ६० अंशांच्या वॉटरबाथमध्ये १० मिनिटं ठेवलं, मग बर्फात ५ मिनिटं. मलमलच्या चार पदरांतून गाळलं. गाळण २४ मिली निघालं, त्यातलं ६ मिली टेस्टट्यूबमध्ये घेऊन वरून १२ मिली बर्फासारखं गार इथेनॉल हळूच सोडलं. पांढरा गोळा वर आला. तो काचेच्या कांडीवर गुंडाळून घेतला, ७० टक्के इथेनॉलने धुतला आणि वाळवून १ मिली टीई बफरमध्ये विरघळवला. वाळवायच्या आधी गोळ्याचं वजन केलं होतं, २१० मिलिग्रॅम.

मग ५० मायक्रोलिटर नमुना आणि ९५० मायक्रोलिटर टीई मिसळून क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये या नॅनोमीटरांना शोषणाची वाचनं घेतली:

२३० ला ०.३७१
२६० ला ०.४१२
२८० ला ०.२४८
३२० ला ०.०३६

३२० चं वजा केल्यावर २६०/२८० येतं १.७७ आणि २६०/२३० येतं १.१२. पहिलं शुद्ध डीएनएच्या १.८ च्या जवळ आहे, दुसरं २ हवं तिथे फार कमी. मी 'डीएनए शुद्ध आहे, उत्पादन २१० मिलिग्रॅम' असं लिहिलं होतं. मैत्रीण म्हणते वजन खोडून टाक. नक्की काय लिहू?

---

अण्णा_सोलापूर (मंगळवार, रात्री १०:१५)

मैत्रिणीचं ऐक. तो गोळा ओला होता, त्यात पाणी आणि इथेनॉलच जास्त. उत्पादन शोषणावरूनच काढायचं. २६० ला १ शोषण म्हणजे दुपदरी डीएनए मिलीला ५० मायक्रोग्रॅम, गुणिले तुझं वीसपट सौम्यीकरण.

शुद्धतेची मात्र इतकी काळजी करू नकोस. १.७७ म्हणजे १.८ च धर. २३० चं गुणोत्तर मिठामुळे पडतं, सगळ्यांचंच पडतं. 'क्षार शिल्लक आहे' असं लिही आणि मोकळी हो.

---

क्युव्हेट (मंगळवार, रात्री ११:०५)

वजनाचं अण्णा म्हणतात ते बरोबर. मिठाचं मात्र तसं नाही. साधं मीठ २३० ला जवळजवळ काहीच शोषत नाही. 'क्षारामुळे २३० बिघडतं' हे किटच्या बाबतीत खरं आहे, कारण तिथले क्षार गुआनिडीनचे असतात आणि ते २३० ला जोरात शोषतात. इथे किट नाही, त्यामुळे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

रानजाई, आधी आकडा काढून घेऊ:

```
C = (A260 - A320) × 50 × 20
  = (0.412 - 0.036) × 50 × 20
  = 376 µg/mL
```

तुझ्याकडे १ मिली आहे, म्हणजे ३७६ मायक्रोग्रॅम. हे १० ग्रॅम फळातून आलेलं नाही. २४ पैकी ६ मिली गाळण घेतलंस, म्हणजे पाव भाग, म्हणजे २.५ ग्रॅम फळ. म्हणून उत्पादन ग्रॅममागे साधारण १५० मायक्रोग्रॅम. १० ने भागलंस तर ३७.६ येईल आणि ते चूक ठरेल. गाळणाचं माप रिपोर्टमध्ये नसेल तर तपासणाऱ्याला ही चूक दिसणारही नाही, तेव्हा ते कृतीत नक्की लिही.

आता २१० मिलिग्रॅमचा गोळा आणि ०.३७६ मिलिग्रॅम डीएनए हे शेजारी ठेवून बघ. गोळ्याच्या हजार भागांत दोन भागही डीएनए नाही. इथेनॉलमध्ये पेक्टिनसुद्धा तसंच पांढरं, तसंच तंतूंसारखं वर येतं, आणि पिकलेल्या स्ट्रॉबेरीत विरघळणारं पेक्टिन भरपूर असतं. कांडीवर गुंडाळलास तो मुख्यतः पेक्टिन, पाणी आणि इथेनॉलचा गोळा होता. 'डीएनए डोळ्यांनी दिसला' हे वाक्य रिपोर्टमध्ये असेल तर काढ.

एक विचारतो: ब्लँक कशाचा लावला होतास?

---

जळगावकर (बुधवार, सकाळी ७:५०)

माझा प्रश्न इथेच विचारतो. आम्ही केळं घेतलं. कुस्करताना लगदा काळपट झाला, गोळासुद्धा तपकिरी आला आणि २६०/२८० कधी १.०५, कधी १.२. स्ट्रॉबेरीला १.७७ येतं आणि केळ्याला १.१, म्हणजे केळ्यात प्रथिनं जास्त असतात का?

---

क्युव्हेट (बुधवार, सकाळी ८:३०)

जळगावकर, एकाच नमुन्याचं वाचन कधी १.०५ आणि कधी १.२ येत असेल तर आधी क्युव्हेट बघा. तो साधा प्लॅस्टिकचा आहे का? पॉलिस्टायरीन ३०० च्या खाली उजेड जवळजवळ पूर्ण अडवतं. ब्लँकही त्याच क्युव्हेटमध्ये लावला की यंत्र शून्य दाखवतं आणि सगळं ठीक वाटतं, पण पलीकडे उजेडच पोचत नसतो. मग आकडे नाचतात. साधी परीक्षा: रिकामा क्युव्हेट हवेच्या ब्लँकविरुद्ध २६० ला ठेवा. क्वार्ट्झचं वाचन अगदी थोडं येईल, पॉलिस्टायरीनचं २ च्या वर जाईल किंवा यंत्र मर्यादेबाहेर दाखवेल.

तपकिरी रंग ही वेगळी गोष्ट. केळ्यातली फिनॉलं हवेशी संबंध येताच तिथल्याच विकराने काळी पडतात आणि डीएनएला चिकटतात. ती २३० लाही शोषतात आणि २८० च्या आसपासही, म्हणून दोन्ही गुणोत्तरं खाली येतात. फळ, पिशवी, द्रावण सगळं गार ठेवा, कुस्करणं झटपट उरका, द्रावणात १ ते २ टक्के पीव्हीपी घाला. १.१ बघून 'प्रथिनं जास्त' असा निष्कर्ष काढता येत नाही.

---

जळगावकर (बुधवार, सकाळी ९:१०)

प्लॅस्टिकचाच होता. संपूर्ण बॅचने तोच वापरला. क्वार्ट्झ मागून घेतो.

---

रानजाई (बुधवार, दुपारी १:२०)

ब्लँक डिस्टिल्ड वॉटरचा होता. नमुना टीईमध्ये आहे हे तेव्हा लक्षातच आलं नाही. आज साधं टीई पाण्याच्या ब्लँकविरुद्ध वाचलं: २३० ला ०.०९०, बाकी तिन्ही ठिकाणी शून्यच म्हणायचं.

---

क्युव्हेट (बुधवार, दुपारी २:००)

छान केलंस. टीईमधलं ईडीटीए २३० ला शोषतं, तेच ते ०.०९०. दुरुस्त केलं तर ०.३७१ मधून ०.०३६ आणि ०.०९० वजा जाता ०.२४५ उरतं. ०.३७६ भागिले ०.२४५ म्हणजे १.५३. म्हणजे १.१२ मधला मोठा वाटा ब्लँकच्या चुकीचा होता, फळाचा नव्हता. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे दे आणि दुरुस्ती कशी केली तेही लिही. मूळ वाचन खोडू नकोस.

तरीही १.५३ म्हणजे २ च्या खालीच. उरलेलं कशामुळे? स्ट्रॉबेरीची फिनॉलं आहेत, पेक्टिन आहे, आणि तुझं भांड्यांचं लिक्विड आहे. बाजारातल्या बहुतेक लिक्विडांत जो मुख्य साबण असतो त्याच्या रेणूत बेंझीनचं कडं असतं आणि ते २२५ च्या आसपास जोरात शोषतं. एसडीएस वापरलं असतंस तर हा भाग आला नसता, त्यात असं कडं नाही. ७० टक्के इथेनॉलने एकदाच धुतलंस, साबण पुरता निघाला नसणार. यातलं कोणाचं किती, हे या चार वाचनांवरून सांगता येणार नाही. 'संभाव्य कारणं' एवढंच लिही.

---

नीलमोहर (बुधवार, रात्री ८:४५)

मी अशा जर्नल तपासते, म्हणून तपासणारीच्या बाजूने लिहिते. १.७७ बघून मुलं 'प्रथिनमुक्त शुद्ध डीएनए' लिहितात, तिथे मी हमखास लाल खूण करते. कारण असं.

शुद्ध आरएनएचं २६०/२८० सुमारे २.० असतं. तुमच्या कृतीत आरएनेझ कुठेच नाही, म्हणजे फळातला आरएनए डीएनएबरोबर इथेनॉलमध्ये खाली आला. त्याने गुणोत्तर वर ओढलं. फिनॉलं आणि थोडी प्रथिनं यांनी ते खाली ओढलं. दोघांची खेचाखेच होऊन आकडा १.७७ वर थांबला असेल तर तो दिसायला सुंदर, पण शुद्धतेचा पुरावा म्हणून काहीच उपयोगाचा नाही.

दुसरं म्हणजे हे गुणोत्तर प्रथिनांच्या बाबतीत मुळातच आंधळं आहे. वारबुर्ग आणि क्रिस्टियन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वापरलं ते प्रथिनाच्या नमुन्यात न्यूक्लिइक आम्ल किती मिसळलंय हे पाहायला. आपण ते उलटं वापरतो. सारख्या वजनाचा डीएनए २६० ला प्रथिनापेक्षा कितीतरी पट जास्त शोषतो, त्यामुळे वजनाने बरंच प्रथिन मिसळलं तरी गुणोत्तर जेमतेम हलतं.

---

अण्णा_सोलापूर (बुधवार, रात्री ९:३०)

मॅडम, आरएनएचं पटलं, तो मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. पण मग साध्या प्रॅक्टिकलमध्ये मुलीने आरएनए आहे हे दाखवायचं कसं? जेल लावायची सोय प्रत्येक कॉलेजात नसते.

---

क्युव्हेट (बुधवार, रात्री १०:२०)

जेलशिवायही एक गोष्ट करता येते, ती कागदावरच होते आणि रिपोर्टच्या चर्चेत फार शोभते. एवढा डीएनए फळात असू शकतो का, हे मोजायचं.

बागायती स्ट्रॉबेरी अष्टगुणित, ५६ गुणसूत्रांची. एका साध्या पेशीत डीएनए सुमारे १.६ पिकोग्रॅम. पिकलेल्या फळाच्या गराची पेशी मोठी असते. ती एक दशांश मिलिमीटर बाजूचा ठोकळा आहे असं धरू. १ ग्रॅम गर म्हणजे साधारण १००० घनमिलिमीटर, त्यात अशा १० लाख पेशी मावतात. गुणिले १.६ पिकोग्रॅम, म्हणजे १.६ मायक्रोग्रॅम. पेशी निम्म्या बाजूच्या धरल्या तर संख्या आठपट, डीएनए सुमारे १३ मायक्रोग्रॅम. आणि हे एकही रेणू वाया न जाता सगळा हाती आला तर.

रानजाईचा आकडा १५० आहे. सढळ हाताने धरलेल्या अंदाजाच्याही दहापटीहून जास्त. म्हणजे २६० ला जे शोषलं जातंय त्यातलं बहुतेक डीएनए नाहीच. आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, फिनॉलं असं काहीतरी आहे.

---

नीलमोहर (बुधवार, रात्री १०:५०)

हिशोब आवडला. एकच शंका. काही फळांत पेशी वाढताना न विभागताच डीएनए दुप्पट, चौपट करत जातात, टोमॅटोत तर ते ठळकपणे होतं. स्ट्रॉबेरीच्या गरात तसं किती होतं यावर तुमची वरची मर्यादा अवलंबून आहे. शिवाय पृष्ठभागावर 'बिया' म्हणतो ती फळं असतात, त्यांच्या पेशी बारीक.

---

क्युव्हेट (बुधवार, रात्री ११:१०)

मान्य. म्हणून मर्यादा १३ ऐवजी ३० धरली तरी १५० बसत नाही. ५० धरायची तयारी असेल तरीही नाही. तिथून पुढे मात्र मी ठामपणे काही म्हणणार नाही.

रानजाई, नमुना उरला असेल तर आरएनेझ करून बघ. ४०० मायक्रोलिटर घे, आरएनेझ-ए शेवटी मिलीला ५० मायक्रोग्रॅम पडेल एवढं घाल, ३७ अंशांवर ३० मिनिटं. आणि इथे बहुतेक जण फसतात: लगेच वाचन घेऊ नकोस. आरएनेझ आरएनएचे तुकडे करतं, ते नाहीसे करत नाही. तुकडे २६० ला शोषतच राहतात, उलट सुटे झाल्यावर थोडं जास्तच. वाचन कमी झालं नाही म्हणून 'आरएनए नव्हता' असा उलटा निष्कर्ष निघतो.

म्हणून पुन्हा साका बसवायचा. ४० मायक्रोलिटर ३ मोलर सोडियम ॲसिटेट, मग १.१ मिली गार इथेनॉल, अर्धा तास फ्रीझरमध्ये, १० हजार आरपीएमवर १० मिनिटं. वरचं टाकून दे, ७० टक्के इथेनॉलने दोनदा धू, वाळव, २०० मायक्रोलिटर टीईमध्ये विरघळव. ब्लँक टीईचाच. वाचनाआधी नमुना एकदा फिरवून वरचा नितळ भाग घे. ३२० वजा करणं हा तात्पुरता उपाय आहे. गढूळपणाने उजेड पांगतो तो २६० ला ३२० पेक्षा जास्त पांगतो, त्यामुळे नुसत्या वजाबाकीने दुरुस्ती कमीच पडते.

---

रानजाई (शुक्रवार, संध्याकाळी ६:३०)

केलं. साका यावेळी डोळ्यांना जेमतेम दिसत होता, नळीच्या भिंतीला धुरकट ठिपका. १०० मायक्रोलिटर नमुना आणि ९०० मायक्रोलिटर टीई, ब्लँक टीईचा:

२३० ला ०.०४१
२६० ला ०.०७१
२८० ला ०.०४०
३२० ला ०.००३

हिशोब असा केलाय: ०.०६८ × ५० × १० = मिलीला ३४ मायक्रोग्रॅम. २०० मायक्रोलिटरमध्ये ६.८ मायक्रोग्रॅम. हे १ मिलीतल्या ४०० मायक्रोलिटरमधून आलं, म्हणून पूर्ण नमुन्यात १७. भागिले २.५ ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे ६.८ मायक्रोग्रॅम. १५० चा ६.८ झाला! २६०/२८० आता १.८४ आणि २६०/२३० १.७९. आता 'शुद्ध' लिहू?

---

अण्णा_सोलापूर (शुक्रवार, संध्याकाळी ७:१०)

क्युव्हेट यांच्या १.६ ते १३ च्या बरोबर मध्ये बसला की आकडा. लिही बिनधास्त.

---

नीलमोहर (शुक्रवार, रात्री ८:००)

अण्णा, जरा थांबा. रानजाई, ०.०४० आणि ०.०७१ ही वाचनं फार लहान आहेत. २८० च्या वाचनात ०.००३ इकडेतिकडे झालं तर गुणोत्तर १.७० ते २.०० यात कुठेही पडू शकतं. म्हणून १.८४ लिही, पण त्यावर कसलाही दावा बांधू नकोस. सौम्यीकरण दसपट ऐवजी दुप्पट ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यासाठी कमी मापाचा क्युव्हेट लागतो. तो नसेल तर तसं लिहून टाक.

निकालाचा परिच्छेद साधारण असा यावा:

'सुरुवातीच्या अर्कात २६० ला शोषणारा पदार्थ डीएनए समजून मोजल्यास ग्रॅम फळामागे १५० मायक्रोग्रॅम आला (२६०/२८० १.७७, बफरची दुरुस्ती करून २६०/२३० १.५३). आरएनेझ आणि पुनःअवक्षेपणानंतर हे प्रमाण ६.८ मायक्रोग्रॅमवर आलं. दोन्ही अर्कांचं २६०/२८० जवळपास सारखं असूनही उत्पादनात २२ पटींचा फरक पडला, म्हणून फक्त या गुणोत्तरावरून पहिल्या अर्काची शुद्धता ठरवता येत नाही.'

'शुद्ध' हा शब्द यात कुठेच नाही हे बघ.

---

क्युव्हेट (शुक्रवार, रात्री ८:४०)

परिच्छेद उत्तम आहे. माझी एकच भर. १५० वरून ६.८ झालं ते सगळं आरएनेझमुळे झालं असं अजून म्हणता येत नाही. पुन्हा साका बसवताना आणि दोनदा धुताना साबण गेला, फिनॉलं गेली, सुटे न्यूक्लिओटाइड गेले आणि थोडा डीएनएही गेला. यातलं आरएनेझचं काम किती हे कळायला दुसरी नळी हवी होती: सगळं तेच, फक्त आरएनेझच्या जागी तेवढंच टीई.

---

रानजाई (शुक्रवार, रात्री ९:०५)

५५० मायक्रोलिटर शिल्लक आहे, चार अंशांवर ठेवलंय. ४०० लागेल, म्हणजे होईल. मंगळवारपर्यंत टिकेल ना?

---

क्युव्हेट (शुक्रवार, रात्री ९:२०)

टीईमध्ये ईडीटीए आहे, डीएनएला चार दिवसांत काही होत नाही. आरएनएचं तसं नाही. ईडीटीए त्याला आरएनेझपासून वाचवत नाही आणि फळाच्या अर्कात स्वतःचं आरएनेझ असतंच, त्यामुळे मंगळवारी ही नळी शुक्रवारसारखी असेलच असं नाही. आत्ताच उणे वीसमध्ये टाक, आणि किती दिवसांनी वापरली ते रिपोर्टमध्ये लिही.